कार्बन मोनॉक्साइडची साक्ष

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पातल्या एका पिवळ्या पावडरीचा अवरक्त वर्णपट हातात आला आणि मी तो घेऊन धावतच सरांकडे गेले. मॉलिब्डेनम हेक्झाकार्बोनिल, म्हणजे एका मॉलिब्डेनमभोवती कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू. त्यातले तीन काढून त्यांच्या जागी तीन नायट्रोजनवाला एक लिगंड बसवायचा, असं ते काम होतं. अशा संयुगाचे शिखर 1900 आणि 1760 च्या आसपास यायला हवेत, हे मी वाचून ठेवलं होतं. ते आलेही. पण त्यांच्या शेजारी 1715 ला आणखी एक शिखर होतं, चांगलं ठसठशीत. आकडा जितका खाली तितकं बॅक-बाँडिंग जोरदार, हा नियम मला पाठ होता. त्यामुळे आपल्या हाती काहीतरी असामान्य लागलंय, अशी माझी खात्रीच झाली.

सरांनी कागद खिडकीशी धरला, दोन क्षण पाहिला आणि एवढंच विचारलं, "शेवटी धुतलंस कशाने?"

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच. आधी तो नियम काय आहे आणि एका आकड्यावरून इतकं काही कसं कळतं, ते सांगायला हवं.

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे CO, हा दोनच अणूंचा रेणू. एक कार्बन, एक ऑक्सिजन, मधे घट्ट तिहेरी बंध. हा बंध म्हणजे दोन गोळ्यांच्या मधे बसवलेली स्प्रिंग समजा. अवरक्त प्रकाश पडला की ही स्प्रिंग ताणली-आखडली जाते, पण कुठल्याही प्रकाशाने नाही. स्प्रिंगच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळणारा प्रकाशच ती शोषून घेते. मोकळ्या CO साठी हा ठेका सेकंदाला सुमारे 64 लाख कोटी वेळा पडतो. एवढे मोठे आकडे कोण लिहीत बसणार, म्हणून रसायनतज्ज्ञ तरंगसंख्या वापरतात. त्या प्रकाशाच्या किती लाटा एका सेंटीमीटरमध्ये मावतात, ती ही संख्या. मोकळ्या CO साठी ती 2143. या लेखातले सगळे आकडे याच मापात आहेत.

स्प्रिंग जितकी ताठ, तितका आकडा मोठा. स्प्रिंग सैल पडली की आकडा उतरतो. पण उतार सरळ प्रमाणात नसतो. ताठपणा आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 2143 चा आकडा 2000 वर आला, म्हणजे जेमतेम सात टक्के उतरला, तरी बंधाचा ताठपणा तेरा टक्क्यांनी घटलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं की वर्णपटातला छोटासा फरक छोटा वाटत नाही.

आता धातू. 1890 साली लुडविग माँड, कार्ल लँगर आणि फ्रीडरिख क्विंक यांनी निकेलच्या बारीक भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड सोडला, तेव्हा त्यांना एक रंगहीन द्रव मिळाला. तो 43 अंश सेल्सिअसला उकळतो. निकेलसारखा जड धातू, चार CO अंगाला लावून वाफ होऊन उडतो! हे निकेल टेट्राकार्बोनिल, अतिशय विषारी. त्या काळच्या रसायनशास्त्राला या रेणूने कोड्यात टाकलं. CO हा इलेक्ट्रॉन देण्याच्या बाबतीत फारच हात आखडता घेणारा रेणू आहे. ज्या आम्लांना अमोनिया लगेच चिकटतो, त्यांच्याकडे तो ढुंकून पाहत नाही. मग निकेलचा ज्यावर कुठलाच भार नाही, ज्याला इलेक्ट्रॉनची तहानही नाही, असा अणू त्याला इतका का आवडावा?

याचं उत्तर आपल्या घरातल्या एका रीतीसारखं आहे. शेजारणीने वाटीभर काही दिलं तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. CO कार्बनच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांची एक जोडी धातूला देतो. ती देणगी लहानशीच असते. पण धातूकडे स्वतःचे बाहेरच्या कप्प्यातले, डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन असतात. ते तो CO ला परत देतो. हे परत देणं म्हणजेच बॅक-बाँडिंग. दिल्याने आणि घेतल्याने दोघांमधला बंध पक्का होतो. एक हात देतो तेव्हा दुसऱ्याला द्यायला आणखी मोकळीक मिळते.

मात्र धातूने परत दिलेले इलेक्ट्रॉन CO मध्ये जातात कुठे, यात सगळी गोम आहे. CO मधल्या चांगल्या जागा आधीच भरलेल्या असतात. उरते ती एक रिकामी ऑर्बिटल, जिला बंधविरोधी म्हणतात. तिच्यात इलेक्ट्रॉन शिरले की कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध सैल होतो. म्हणजे धातूशी जवळीक जितकी वाढते, तितका CO चा आतला बंध ढिला पडतो. त्याची स्प्रिंग मऊ होते आणि आकडा 2143 वरून खाली येतो. धातू किती इलेक्ट्रॉन परत देतो हे आपल्याला थेट दिसत नाही. CO ची स्प्रिंग मात्र त्याची साक्ष देते.

ही साक्ष इतकी मोलाची का, हे समजायला दुसरी पद्धत बघू. बंध सैल झाला तर तो लांबायलाही हवा, मग क्ष-किरणांनी लांबी मोजावी. मोकळ्या CO मध्ये ती 1.128 अँगस्ट्रॉम आहे, क्रोमियम हेक्झाकार्बोनिलमध्ये सुमारे 1.14. फरक आहे शतांश अँगस्ट्रॉमचा. स्फटिकावरच्या साध्या मोजणीत एवढी चूक सहज असू शकते. वर्णपटात हाच फरक 140 हून जास्त एककांचा दिसतो आणि बऱ्या यंत्रावर एक-दोन एककं इकडेतिकडे एवढ्याच खात्रीने वाचता येतो. ज्याला लांबी दाखवता येत नाही, ते कंपन ठळकपणे दाखवतं.

आता पाच भावंडांची गोष्ट, कारण हा नियम त्यांच्यात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आवर्तसारणीत टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज आणि लोह हे ओळीने येतात. केंद्रकात 22, 23, 24, 25 आणि 26 प्रोटॉन. यातल्या प्रत्येकाभोवती सहा CO बसवायचे आणि एकूण इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सारखे राहतील असा भार द्यायचा. टायटॅनियमला दोन ऋण, व्हॅनेडियमला एक ऋण, क्रोमियम भारहीन, मँगनीजला एक धन, लोहाला दोन धन. पाचही रेणूंचा आकार एकच, सहा दिशांना सहा CO. धातूजवळचे डी इलेक्ट्रॉनही सारखे, सहा. बदलतं ते फक्त केंद्रकाचं ओढणं. टायटॅनियमचं केंद्रक त्याच सहा इलेक्ट्रॉनांना सगळ्यांत सैल धरतं, लोहाचं सगळ्यांत घट्ट.

आकडे असे येतात. टायटॅनियमवाल्याचा 1748. व्हॅनेडियमचा 1860 च्या आसपास. क्रोमियमचा 2000. मँगनीजचा 2090. लोहाचा 2204. एकेक प्रोटॉन वाढतो तसा आकडा शंभराच्या आगेमागे वर चढतो. हेच ताठपणात मांडलं तर चित्र आणखी बोलकं होतं. मोकळ्या CO ची स्प्रिंग शंभर धरली, तर टायटॅनियमजवळची 67 उरते, व्हॅनेडियमजवळची 75, क्रोमियमजवळची 87 आणि मँगनीजजवळची 95. टायटॅनियमकडे इलेक्ट्रॉन भरभरून आहेत आणि धरून ठेवायची ताकद कमी, म्हणून तो सढळ हाताने परत देतो, आणि CO आपल्या बंधाचा एक तृतीयांश जोर गमावून बसतो. मँगनीज हात राखून देतो.

लोहाकडे या हिशेबाने 106 येतात, म्हणजे शंभराच्या वर. इथे नियमाला पहिला तडा जातो. त्याच्याकडे आपण परत येऊ, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट तिथेच आहे.

त्याआधी एक उपयोग सांगते. धातूजवळ CO सोडून दुसरे लिगंडही असतात आणि ते धातूला इलेक्ट्रॉन देतात की त्याच्याकडून काढून घेतात, हे उद्योगातल्या उत्प्रेरकांसाठी जाणून घ्यावं लागतं. 1970 साली ड्यूपाँटमध्ये काम करणाऱ्या चॅडविक टोलमन यांनी यासाठी CO लाच साक्षीदार केलं. निकेल टेट्राकार्बोनिलमधला एक CO काढायचा, तिथे तपासायचा फॉस्फरसवाला लिगंड बसवायचा आणि उरलेले तीन CO काय सांगतात ते बघायचं. तीन मोठ्या हायड्रोकार्बन फांद्या लावलेला फॉस्फिन, म्हणजे ट्राय-टर्शरी-ब्युटिल फॉस्फिन, निकेलला भरपूर इलेक्ट्रॉन देतो. मग निकेल ते CO कडे पुढे सरकवतो आणि आकडा 2056 वर येतो. नेहमीच्या वापरातला ट्रायफिनाइल फॉस्फिन 2069 देतो. फॉस्फरसला तीन फ्लोरिन लावले की तो स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागतो, CO च्या वाट्याला कमी येतात आणि आकडा 2111 पर्यंत चढतो. पन्नास-पंचावन्न एककांच्या पट्ट्यात टोलमन यांनी लिगंडांची रांगच लावून दिली, आणि ती आजही वापरात आहे.

या रांगेत एक मर्यादा आहे, ती मात्र ध्यानात ठेवावी. लिगंडने जास्त दिलं म्हणून आकडा उतरला, की कमी घेतलं म्हणून उतरला, हे CO ला सांगता येत नाही. त्याच्यापर्यंत फक्त शिल्लक पोचते. पासबुकातल्या शेवटच्या रकमेवरून महिनाभरात किती जमा झाले आणि किती काढले हे जसं कळत नाही, तसं.

आता फसगतीकडे. वर्णपट वाचताना माणूस फसतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी. सारख्याशी सारखं न ताडल्यामुळे, किंवा जे CO चं नाहीच ते CO चं समजल्यामुळे.

पहिल्याचं उदाहरण पाच भावंडांतच आहे. क्रोमियमभोवती सहा CO आहेत आणि ते एकमेकांशी बांधलेले असल्यासारखे एकत्र हलतात. सहाही एका वेळी ताणले आणि एका वेळी आखडले, ही एक तऱ्हा. समोरासमोरच्या दोघांतला एक ताणला तेव्हा दुसरा आखडला, ही दुसरी. आणखी एक तिसरी आहे. या तिन्हींचे ठेके वेगळे पडतात, पण अवरक्त प्रकाश त्यातली एकच पकडतो, जिच्यात रेणूचा विद्युतभार एका बाजूकडून दुसरीकडे झुलतो. तीच ती 2000. सहाही एकत्र श्वास घेतल्यासारखे हलतात ती तऱ्हा रामन वर्णपटात दिसते, आणि तिचा आकडा 2119 आहे. रेणू तोच, बॅक-बाँडिंग तेच, आकडे दोन. म्हणून एका रेणूचा रामनचा आकडा आणि दुसऱ्याचा अवरक्तचा आकडा शेजारी ठेवून कुणी काही ठरवलं, तर ते चुकणारच. पाच भावंडांची तुलना चोख बसते, कारण पाचांचा आकार एक आणि मोजलेली तऱ्हाही एक.

शिखरं किती दिसतात हेही याच आकारावर ठरतं. चार CO आणि दोन फॉस्फिन असलेल्या मॉलिब्डेनम संयुगात फॉस्फिन शेजारी-शेजारी असले तर CO ची चार शिखरं यायला हवीत. समोरासमोर असले तर एकच ठळक. म्हणून आकडा वाचण्याआधी शिखरं मोजायची. मी ते केलं नव्हतं.

दुसरी मोठी फसगत पुलांची. लोहाचं एक संयुग आहे, दोन लोह आणि नऊ CO असलेलं, Fe2(CO)9. सोनेरी-पिवळ्या चकत्यांसारखे त्याचे स्फटिक असतात. त्याच्या वर्णपटात 2082 आणि 2019 ला शिखरं येतात, आणि मग बरंच खाली, 1829 ला आणखी एक. आकडा खाली म्हणजे बॅक-बाँडिंग जोरदार, असं धरलं तर या भारहीन लोहाने व्हॅनेडियमच्या ऋण आयनालाही मागे टाकलं असं म्हणावं लागेल. तसं काही नसतं. या रेणूत तीन CO दोन्ही लोहांच्या मधे पुलासारखे बसलेले आहेत. त्यांना एकाऐवजी दोन धातू इलेक्ट्रॉन देतात, त्यांच्या बंधाची जातच बदलते, तिहेरीकडून दुहेरीकडे सरकते. त्यामुळे त्यांचा आकडा खाली जातो. एका धातूला लागलेल्या CO शी त्यांची तुलना करायची नसते. पूल आहे हे ओळखायचं कसं? त्याच वर्णपटात 2000 च्या वर दुसरी शिखरं असतील, मधे मोठी रिकामी जागा असेल आणि रेणूत एकाहून जास्त धातू असतील, तर संशय घ्यायचा. ऋणभारामुळे आकडे उतरतात तेव्हा बहुधा सगळीच शिखरं मिळून खाली येतात, एकटं कुणी सुटून जात नाही.

आणि आता माझं 1715. मी पावडर लवकर सुकावी म्हणून शेवटी अ‍ॅसिटोनने धुतली होती. अ‍ॅसिटोनमध्येही कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असतो आणि त्याचं शिखर बरोबर 1715 च्या आसपास येतं. धातूशी त्याचा काही संबंध नसतो. माझ्या संयुगात तीन CO एका बाजूला होते, त्यांची दोनच शिखरं येणं रास्त होतं आणि ती आलेलीही होती. तिसरं उपरं होतं. सरांनी मला पावडर निर्वात पंपावर रात्रभर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याच पावडरीचा वर्णपट घेतला तेव्हा 1900 आणि 1760 जागच्या जागी होते आणि 1715 च्या जागी सपाट रेघ होती. त्या दिवसापासून मी प्रयोगवहीत शेवटचा धुण्याचा द्राव लाल शाईने लिहीत आले आहे.

असाच चकवा हवेतल्या ओलाव्याचा. पाण्याच्या वाफेच्या बारीक-बारीक रेघा 1300 पासून 1900 पर्यंत गवतासारख्या उगवतात आणि ऋणभारित कार्बोनिलांची शिखरं नेमकी याच पट्ट्यात येतात. पावसाळ्यात यंत्रातून कोरडा नायट्रोजन नीट सोडला नाही, तर या गवतात खरं शिखर शोधणं मुश्किल होतं. त्यांचा अणकुचीदारपणा हीच त्यांची खूण. द्रावातल्या CO चं शिखर इतकं सुईसारखं कधीच नसतं. द्रावही बदलू नये हे ओघानेच आलं. हेक्झेनमध्ये शिखर अरुंद येतं, डायक्लोरोमिथेनमध्ये रुंद होतं आणि काही एककं सरकतं. टोलमन यांच्या रांगेत दोन शेजाऱ्यांमधलं अंतर कधीकधी त्याहूनही कमी असतं.

एखादं शिखर खरोखरच CO चं आहे का याची खात्री करायची सगळ्यांत भक्कम रीत म्हणजे जड कार्बन. साध्या कार्बनऐवजी 13 वस्तुमानाचा कार्बन असलेला CO वापरायचा. स्प्रिंग तीच, पण एक गोळा जड, म्हणून ठेका मंदावतो. किती मंदावेल हे आधीच हिशेबाने सांगता येतं, सुमारे सव्वादोन टक्के. मोकळा CO 2143 वरून 2096 च्या जवळ येतो. ज्या शिखराने हे ऐकलं ते CO चं, ज्याने ऐकलं नाही ते दुसऱ्या कुणाचं.

आता त्या लोहाकडे. 2204.

जुनं स्पष्टीकरण असं होतं की CO धातूला जी जोडी देतो ती मुळात थोडी बंधविरोधी स्वभावाची असते, ती निघून गेली की उरलेला बंध आणखी घट्ट होतो. वाचायला ते पटतं. पण 1990 च्या दशकात गणनेच्या साहाय्याने याची छाननी झाली आणि वेगळंच कारण पुढे आलं. अ‍ॅलन गोल्डमन आणि कार्स्टेन क्रोग-येस्पर्सन यांनी 1996 मध्ये दाखवलं की CO च्या कार्बनच्या बाजूला नुसता एक धन भार आणून ठेवला, कसलाही बंध न करता, तरी CO चा आकडा वर चढतो. कारण CO च्या आतले बंधाचे इलेक्ट्रॉन एरवी ऑक्सिजनकडे झुकलेले असतात. कार्बनच्या बाजूने धन भार त्यांना ओढतो, ते दोघांच्या मधोमध येतात, वाटणी समान होते आणि बंध मजबूत होतो. याची साधी साक्ष आहे प्रोटॉन. CO च्या कार्बनला एक प्रोटॉन जोडला तर आकडा 2184 होतो, आणि प्रोटॉनकडे परत द्यायला एकही इलेक्ट्रॉन नसतो.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. 2143 हा बॅक-बाँडिंगचा शून्य नाही. दोन धन भार असलेल्या धातूजवळ बॅक-बाँडिंग अजिबात झालं नाही, तर आकडा 2143 च्या बराच वर असायला हवा. तेव्हा 2204 म्हणजे बॅक-बाँडिंग नाहीच, असं म्हणता येत नाही. थोडं असेलही, पण भाराच्या ओढीने ते झाकलं गेलंय. CO ची साक्ष खरीच असते. फक्त ती एकाच गोष्टीची नसते. धातूने काय परत दिलं आणि आजूबाजूचे भार कुठे उभे आहेत, या दोन्हींचा तो एकत्रित जबाब आहे.

आणि भार CO च्या कुठल्या टोकाशी उभा आहे, यावर जबाब पार उलटा होऊ शकतो. याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण आपल्या रक्तात आहे.

बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळ करताना माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. हवा पुरेशी मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जे लोह आहे त्याला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. घट्ट का, तर आपण पाहिलं तेच, देणं आणि परत घेणं. हे चिकटलेलं CO अवरक्त वर्णपटात 1951 ला दिसतं. प्रथिनाची स्वतःची मोठी शिखरं 1650 च्या आसपास असतात, पाणीही तिथे फारसं आडवं येत नाही, म्हणून रक्तातल्या प्रथिनाच्या एवढ्या पसाऱ्यातही हे एक शिखर स्वच्छ उठून दिसतं. जड कार्बन वापरला की ते 1907 वर सरकतं, म्हणजे शंकेला जागा नाही.

दोनशे पट हे भयंकर वाटतं. पण प्रथिनाबाहेर, नुसत्या हीमला CO ऑक्सिजनपेक्षा काही हजार पट घट्ट चिकटतो. म्हणजे प्रथिन आपल्याला बरंच वाचवतं. आपल्या शरीरातही जुनं हीम मोडताना थोडा CO सतत तयार होतच असतो. हे संरक्षण नसतं तर तेवढाही जड गेला असता. प्रथिन हे करतं कसं?

बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत उत्तर असं होतं: लोहाच्या वरच्या अंगाला हिस्टिडीन नावाचा एक अमिनो आम्लाचा गट आहे. तो CO ला सरळ उभं राहू देत नाही, वाकवतो. CO ला सरळच उभं राहायला आवडतं, ऑक्सिजनला मुळातच तिरकं, म्हणून ऑक्सिजनचं नुकसान होत नाही. स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांतही CO वाकडा दिसे. पण 1995 मध्ये फिलिप अ‍ॅनफिनरुड यांच्या गटाने ध्रुवित अवरक्त प्रकाशाने मायोग्लोबिनमधल्या, म्हणजे स्नायूंतल्या हिमोग्लोबिनच्या भावंडातल्या, CO ची दिशा मोजली. तो जवळजवळ सरळ उभा निघाला, फार तर सात अंशांचा कल.

मग हिस्टिडीन करतं काय, हे CO च्या आकड्याने सांगितलं. साध्या मायोग्लोबिनमध्ये CO चं मुख्य शिखर 1945 च्या जवळ असतं. हिस्टिडीन काढून तिथे ल्युसिन हा तेलकट, भारहीन गट बसवला की ते 1965 पर्यंत चढतं. लोह तेच, हीम तेच. हिस्टिडीनच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन थोडा धन असतो आणि तो CO च्या ऑक्सिजनच्या टोकाशी उभा असतो. हेक्झाकार्बोनिलमध्ये धन भार कार्बनच्या बाजूला होता, म्हणून आकडा चढला होता. इथे तो दुसऱ्या टोकाला आहे. तो लोहाचे इलेक्ट्रॉन CO मध्ये आणखी आत ओढून घेतो, बॅक-बाँडिंग वाढतं आणि आकडा वीस एककं उतरतो.

CO वरची ही ओढ सौम्यच असते. पण ऑक्सिजन लोहाला चिकटतो तेव्हा तो लोहाकडून कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन घेतो, त्याच्या बाहेरच्या टोकावर चांगलाच ऋण भार जमतो, आणि हिस्टिडीनचा तोच हायड्रोजन त्याला घट्ट धरून ठेवतो. ल्युसिन बसवल्यावर ऑक्सिजनची पकड पन्नासएक पटीने ढिली होते. CO ची पकड मात्र ढिली होत नाही.

प्रथिन CO ला हुसकावत नाही. ते ऑक्सिजनला हात देतं.